हार्ड ॲनोडाइज्ड कढईवर पुन्हा पुन्हा येणारे चरे आणि पांढरे डाग: ओळख, धोका आणि आयुष्य

तक्रार साधारण अशी असते. काळी-करडी हार्ड ॲनोडाइज्ड कढई वर्ष-दोन वर्षे वापरली, आता तळाला चंदेरी रेघा दिसतात किंवा पांढुरके धब्बे पडतात. घासल्यावर जातात, आठवड्याने परत येतात. मग घरात दोन प्रश्न सुरू होतात. या चऱ्यांतून अन्नात काही विषारी उतरते का? आणि मोठ्या आचेवर ही कढई काही सोडते का? दोन्हींची उत्तरे आहेत, पण आधी कढईवर नेमके काय झाले आहे ते ओळखावे लागते. वरून सारख्या दिसणाऱ्या या खुणा पाच वेगवेगळ्या कारणांनी येतात, आणि त्यातल्या दोन तर नुसते डाग असतात.

आधी हे तपासा: कढई साधी आहे की आत नॉनस्टिक आहे

बाजारात 'हार्ड ॲनोडाइज्ड' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली साधी. तिच्या आतला आणि बाहेरचा रंग जवळपास सारखाच करडा-काळा, स्पर्श किंचित कोरडा, आणि आत टाकलेले पाणी पसरते. दुसरी बाहेरून हार्ड ॲनोडाइज्ड, पण आतून नॉनस्टिकचा लेप दिलेली. तिचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गोळा होऊन घरंगळतात. लेप जुना झाला की थेंब गोळा होणे कमी होते, त्यामुळे जुन्या भांड्यात फक्त त्यावर विसंबू नका. चऱ्याची कड नखाने हलकेच उचकटून पाहा. पापुद्रा उठत असेल तर तो नॉनस्टिकचा लेप आहे, कारण ॲनोडाइज्ड थराचा पापुद्रा कधीच निघत नाही.

त्याचे कारण तो थर तयार होण्याच्या पद्धतीत आहे. ॲल्युमिनियमचे भांडे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत बुडवून त्यातून वीज सोडतात. भांड्याचाच वरचा धातू ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये बदलत जातो. थराचा साधारण अर्धा भाग मूळ पृष्ठभागाच्या आत वाढतो, अर्धा बाहेर. चांगल्या भांड्यावर हा थर ३० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे जाड केसाच्या आत-बाहेरचा असतो. तो वरून चढवलेला नसल्यामुळे सोलून निघत नाही. तो फक्त झिजतो, किंवा रसायनाने विरघळतो. पुढचे सगळे याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

चंदेरी रेघ: चरा की स्टीलचा ठसा?

स्टीलचा झारा किंवा उलथणे कढईत फिरल्यावर जी चकचकीत रेघ उठते, ती बहुतेक वेळा चरा नसतेच. हार्ड ॲनोडाइज्ड थर झाऱ्याच्या स्टीलपेक्षा कडक असतो. म्हणून घर्षणात झिजते ते स्टील, आणि त्याची बारीक पूड थराच्या खडबडीत पृष्ठभागावर चिकटते. पाटीवर पेन्सिल उमटावी तसे झाऱ्याचे स्टील कढईवर उमटलेले असते. नखाने आडवे चाचपून पाहा. खाच लागली नाही तर तो ठसाच आहे.

तो काढायला खाण्याच्या सोड्याचे दोन चमचे थेंबभर पाण्यात घट्ट कालवा, रेघेवर पसरा, पाच मिनिटांनी मऊ नायलॉनच्या घासणीने गोल गोल घासा आणि लगेच धुऊन टाका. एकदा न गेल्यास पुन्हा करा. तांब्या-पितळेसाठी मिळणाऱ्या पावडरी मात्र यावर वापरू नका, त्यांत आम्ल असते आणि कणही. तारेची घासणी तर नकोच, ती जुना ठसा काढता काढता नवा उमटवते. बऱ्याच घरांत 'रेघा परत परत येतात' याचे सगळे रहस्य एवढेच असते.

नखाला खाच लागली तर तो खरा चरा. आता तो थराच्या वरवर आहे की खालच्या ॲल्युमिनियमपर्यंत गेला आहे, हे डोळ्यांना सांगता येत नाही. पण इथे एक सोपी आणि खात्रीची चाचणी आहे. ॲल्युमिनियम विजेचे उत्तम वाहक आहे आणि त्याचा ऑक्साइड अवाहक. त्यामुळे इलेक्ट्रिशियनकडे असतो तो साधा मल्टिमीटर पुरतो.

कढई साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. ओलावा किंवा मिठाचा अंश राहिला तर मीटर फसवतो. स्टीलचे ठसेही आधी काढलेले हवेत, कारण चिकटलेल्या पुडीतूनही वीज वाहू शकते. मीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे 'बीप' वाजणाऱ्या खुणेवर ठेवा. दोन्ही टोके आधी जर्मनच्या एखाद्या झाकणावर टेकवा: बीप आला पाहिजे. मग कढईच्या कडेजवळच्या, कधी न घासलेल्या जागेवर टेकवा: बीप येता कामा नये, पडद्यावर `OL` किंवा डावीकडे नुसता `1` दिसेल. आता दोन्ही टोके चऱ्याच्याच रेघेत, एकमेकांपासून अर्धा सेंटिमीटर अंतरावर, हलक्या हाताने टेकवा. बीप आला तर चरा थर फोडून ॲल्युमिनियमपर्यंत पोचला आहे. नाही आला तर थर शाबूत आहे आणि त्या चऱ्याची काळजी करण्याचे कारण नाही. टोके जोर लावून रोवू नका. आत नॉनस्टिक असेल तर लेपही अवाहकच, तेव्हा तिथे 'बीप नाही' याचा अर्थ लेप किंवा ॲनोडाइज्ड थर यांपैकी काहीतरी शिल्लक आहे एवढाच घ्यायचा.

बीप आला, म्हणजे अन्नात किती उतरते

हा हिशोब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे, कारण त्यातून भीती किती धरावी आणि कधी धरावी हे दोन्ही कळते.

२४ सेंटिमीटर तोंडाची आणि ८ सेंटिमीटर खोल कढई घ्या. तिचा आतला पृष्ठभाग साधारण ६५० चौरस सेंटिमीटर भरतो. तिच्यात १० सेंटिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद चरा आहे, आणि तो पूर्ण खोल गेला आहे. उघडे पडलेले ॲल्युमिनियम झाले अर्धा चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण पृष्ठभागाचा सुमारे १३००वा भाग. आता मुद्दाम जड धरून चालू, की थर अजिबात नसलेल्या कोऱ्या ॲल्युमिनियमच्या तशाच कढईत टोमॅटोचे सार शिजवले तर त्यात १० मिलिग्रॅम ॲल्युमिनियम उतरते. मग आपल्या चऱ्यातून उतरेल ते ०.००८ मिलिग्रॅमच्या आसपास. असे दहा चरे असले तरी ०.०८.

हे कशाशी ताडायचे? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये ठरवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम अशी आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये याहून कडक, १ मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. ६० किलोच्या माणसाला पहिल्या हिशोबाने आठवड्याला १२० मिलिग्रॅम, दुसऱ्याने ६०. चऱ्यांची भर या आकड्यांसमोर नगण्य आहे. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात शोषले जाते आणि तेही निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हे तर सिद्ध झालेलेच नाही.

पण तोच हिशोब तळ झिजलेल्या कढईसाठी करा. तळाचा १२ सेंटिमीटर व्यासाचा गोल पूर्ण उघडा पडला, तर ते झाले सुमारे ११३ चौरस सेंटिमीटर, पृष्ठभागाचा जवळजवळ सहावा हिस्सा. त्याच जड गृहीतकाने दर वेळी पावणेदोन मिलिग्रॅम. रोज आंबट पदार्थ शिजवून एकट्याने खाल्ला तर आठवड्याला बारा. युरोपीय मर्यादेचा पाचवा भाग फक्त एका कढईतून, आणि अन्न, औषधे, बेकिंग पावडर यांतून येणारे ॲल्युमिनियम वेगळेच. हेही विष नव्हे. तरी टाळता येण्यासारखी भर टाळावी, म्हणून अशी कढई बदलावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक अपवाद गंभीर आहे. घरात कोणाची मूत्रपिंडे निकामी झाली असतील किंवा डायलिसिस चालू असेल, तर शरीरातले ॲल्युमिनियम बाहेर पडण्याचा रस्ताच अरुंद झालेला असतो. त्यांच्या स्वयंपाकासाठी तळ उघडा पडलेले भांडे वापरू नका, आंबट पदार्थ स्टीलमध्येच करा, आणि ॲल्युमिनियम असलेली अँटासिडे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. एका अँटासिड गोळीत कढईतल्या कितीतरी चऱ्यांपेक्षा जास्त ॲल्युमिनियम असते.

हिंडालियमच्या कढयांबद्दलची बातमी यात मिसळू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये काही आयात भांड्यांतून, त्यात भारतात बनलेली कढईही होती, अन्नात शिसे उतरू शकते असा इशारा दिला. तो प्रश्न मिश्रधातूत आलेल्या शिशाचा आहे, ॲनोडाइज्ड थराचा नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी इथून भांडी नेणाऱ्यांनी बिनछापाची ॲल्युमिनियमची कढई मात्र नेऊ नये.

पांढरे धब्बे: क्षार की गेलेला थर?

पांढरा डाग कुकरच्या तळाला, पाण्याच्या रेषेखाली असेल तर बहुधा तो बोअरच्या जड पाण्याचा क्षार. त्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे चार थेंब टाका. बारीक बुडबुडे आले आणि पाच-दहा मिनिटांत डाग पातळ झाला, तर क्षारच. मग कुकरमध्ये डाग बुडेल इतके पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून, झाकण न लावता पाच मिनिटे उकळा, ओतून धुवा. रात्रभर भिजत ठेवू नका. पुढे कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची एक साल टाकत गेलात तर डाग धरत नाही.

लिंबाने डाग हलला नाही, जागा मऊ-मॅट झाली आहे, आणि पांढऱ्या सुती फडक्याने कोरडे घासल्यावर फडक्याला करडी-काळी पूड लागते, तर तिथला थर गेला आहे. इथे मीटर लावला की बीप येतोच.

हा थर कोणी खाल्ला? घरोघरी संशय चिंच-टोमॅटोवर जातो, पण खरा गुन्हेगार बहुधा क्षारधर्मी पदार्थ असतो. ॲल्युमिनियम ऑक्साइड पीएच ४ ते साडेआठच्या दरम्यान टिकतो. त्याच्या वर गेले की तो विरघळू लागतो, आणि गरम असताना फार वेगाने. धुण्याच्या सोड्याचे पाणी ११ च्या आसपास जाते. डिशवॉशरची पावडर तशीच, म्हणून तीन-चार डझन धुण्यांत काळी कढई पांढरीफटक दिसू लागते. गावाकडे चुलीच्या राखेने भांडी घासतात. राखेत क्षारही असतो आणि कणही, म्हणजे विरघळणे आणि झिजणे दोन्ही एकदम. आणि एक जागा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: उन्हाळ्यात पापडांची उकड. पापडखार घातलेले पाणी हार्ड ॲनोडाइज्ड पातेल्यात उकळले की त्या रेषेपर्यंत भांडे फिके पडते. उकड स्टीलच्या किंवा पितळी पातेल्यातच काढा. छोल्यांत चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर मात्र बिघडत नाही, तो फार सौम्य आहे.

हिरव्या खरखरीत घासणीबद्दलही एक शब्द. तिच्यातले कण पुष्कळदा ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात, म्हणजे थराइतकेच किंवा त्याहून कडक. रोज जोराने घासले की थर पॉलिश होत होत पातळ होतो, आणि तो नेमका तळाच्या मध्यभागी होतो, कारण हात तिथेच जास्त फिरतो. जळकी खरकट लागली असेल तर कढईत दोन बोटे पाणी आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब घालून दहा मिनिटे मंद उकळा, कोमट होऊ द्या आणि लाकडी उलथण्याने सोडवा.

आंबटाचे काय? चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोचे सार, कढी हे अर्धा तास शिजवायला हरकत नाही. पातळ झाल्यावर त्यांचा पीएच चारच्या आसपास किंवा वरच राहतो. निव्वळ चिंचेचा कोळ आटवणे, कोकमाचे आगळ, लिंबाचे लोणचे हे यात करू नका. आणि शिजलेला आंबट-खारट पदार्थ रात्रभर कढईत राहू देऊ नका. मिठातला क्लोराइड थरातल्या बारीक भेगांतून खाली उतरतो आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो, त्यांच्या तोंडाशी पांढरी भुकटी जमते. ठसा, चरा, क्षार आणि गेलेला थर यांनंतरचा हा पाचवा प्रकार. असे खड्डे एकदा पडले की वाढतच जातात, त्यावर घरगुती इलाज नाही.

मोठी आच

साध्या हार्ड ॲनोडाइज्ड थराला घरच्या गॅसची आच काहीही करू शकत नाही. ॲल्युमिनियम ऑक्साइड वितळायला २००० अंशांहून जास्त तापमान लागते, आणि त्यातून धूर किंवा वायू निघत नाही. तळणीचे तेल १८० अंशांवर असते. कोरड्या कढईत शेंगदाणे भाजताना तळ अडीचशेच्या पुढे गेला तरी थरातून अन्नात काही जात नाही.

आचेने बिघडते ते भांडे. ॲल्युमिनियम तापल्यावर ऑक्साइडपेक्षा चार-पाच पट जास्त फुगते, त्यामुळे थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. थोड्या भेगा प्रत्येक भांड्यात असतात. तापलेली कढई नळाखाली धरण्याची सवय असेल तर त्या वाढतात, वर तळही वाकतो, आणि वाकलेल्या तळावर एकाच जागी अन्न करपते. मग तीच जागा जोराने घासली जाते आणि तिथलाच थर आधी जातो. 'नेमकी एकाच जागी झीज' यामागे बऱ्याचदा ही साखळी असते. सपाट ओट्यावर कढई ठेवून डुलते का पाहा. गोल बुडाच्या कढईला ही चाचणी लागू नाही.

आत नॉनस्टिक असेल तर मात्र आचेचा प्रश्न पूर्ण वेगळा. तो लेप २६० अंशांपर्यंत सुरक्षित धरला जातो. ३५० च्या पुढे तो विघटित होऊन त्रासदायक वायू सोडतो, त्याने माणसाला तापासारखी कणकण येते आणि पाळलेले पोपट, लव्हबर्ड दगावू शकतात. रिकामे भांडे मोठ्या आचेवर काही मिनिटांतच २६० ओलांडते. म्हणून नॉनस्टिकमध्ये आधी तेल, मग गॅस, आणि आच मध्यम. शेंगदाण्याचे रिफाइंड तेल सुमारे २३० अंशांना धुरकट होते, तेव्हा धूर दिसणे ही थांबण्याची शेवटची खूण समजा. सुटलेला लेपाचा कपचा पोटात गेला तर तो न पचता बाहेर पडतो, पण लेप सुटू लागलेले भांडे तापवत राहणे योग्य नाही.

कुकर कोरडा तापला असेल तर चिंता थराची नको, रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्हची करा. दोन्ही बदलल्याशिवाय तो पुन्हा गॅसवर चढवू नका, आणि झाकण पूर्वीसारखे बसते का तेही पाहा.

किती वर्षे चालते

आत नॉनस्टिक असलेले भांडे रोजच्या वापरात दोन ते पाच वर्षे. आयुष्य लेपाचे संपते, खालचे भांडे धडधाकट असते. साधी हार्ड ॲनोडाइज्ड कढई लाकडी किंवा सिलिकॉनच्या उलथण्याने, साध्या साबणाने आणि मऊ घासणीने वापरली तर दहा-पंधरा वर्षे सहज जाते. त्याआधी मुठीचे स्क्रू ढिले होतात, ते आवळायचे. दुकानात थर पुन्हा चढवून मिळेल या आशेवर राहू नका. जुना थर काढायला भांडे कॉस्टिकमध्ये बुडवावे लागते, मूळ धातू पातळ होतो, आणि खर्च नव्या कढईच्या जवळ जातो.

बदलायची वेळ मीटरच सांगतो. वर्षातून एकदा तळाच्या मध्यावर आणि चार बाजूंना दोन-दोन ठिकाणी टोके टेकवा. एखाद-दुसऱ्या चऱ्यात बीप आला तर वापर चालू ठेवा, फक्त आंबट पदार्थ दुसऱ्या भांड्यात करा. तळावर तळहाताएवढ्या भागात सलग बीप येत असेल, किंवा पांढऱ्या तोंडाचे खड्डे दिसत असतील, तर तिला स्वयंपाकातून काढा.